आच लागली की जुळणाऱ्या दोन तारा

कोळशाचा पट्टा धावत असतो तोवर त्याला आग लागण्याची भीती तशी कमी असते. तो थांबला की ती वाढते. पट्ट्याखाली साधारण दर मीटरभर अंतरावर लोखंडी रोलर असतात आणि पट्टा सरकतो तसे ते फिरत राहतात. त्यातल्या एखाद्याच्या बेअरिंगमध्ये कोळशाची धूळ शिरते, ग्रीस सुकतं आणि एक दिवस रोलर अडकतो. वरचा पट्टा मात्र त्याच्यावरून घासत पुढे जातच राहतो. रोलर तापत जातो, पण पट्ट्याचा कुठलाही एक भाग त्याच्यावर क्षणभरच असतो, त्यामुळे रबर पेटायच्या आत पुढे निघून जातं. मग बंकर भरतात आणि पट्टा बंद होतो. आता त्या तापलेल्या रोलरवर रबराची एकच जागा टेकून राहते. खाली सांडलेल्या भुकटीचा थर असतो आणि गॅलरीत माणूस नसतो.

कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, पारस, एकलहरे यांपैकी कुठल्याही औष्णिक वीज केंद्राच्या जवळून गेलात तर जमिनीपासून तिरप्या चढत गेलेल्या लांबलचक पत्र्याच्या बोगद्यांकडे लक्ष जातं. त्या कन्व्हेयरच्या गॅलऱ्या. वाघिणीतून उतरलेला कोळसा आधी क्रशर हाऊसमध्ये फुटतो आणि मग या गॅलऱ्यांमधून बॉयलरच्या बंकरपर्यंत चढतो. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर तो जिथे पडतो त्या मनोऱ्याला ट्रान्सफर पॉइंट म्हणतात. गॅलरी चढती असल्यामुळे तिच्यात वारा खालून वर वाहतो, धुराड्यात वाहतो तसा. खालच्या टोकाला लागलेली आग या वाऱ्यावर चढते आणि पेटलेला पट्टा तुटून घसरला तर तीच आग पुन्हा खालीही येते.

पट्ट्याच्या आगीने काय होऊ शकतं हे इंग्लंडमधल्या डर्बिशायरच्या क्रेसवेल कोळसा खाणीने दाखवून दिलं. २६ सप्टेंबर १९५० च्या पहाटे तिथे भूगर्भातल्या एका ट्रान्सफर पॉइंटवर फाटलेला पट्टा घळीत अडकला, घर्षणाने पेटला आणि ८० कामगार मेले. त्यांना मारलं ज्वाळांनी नव्हे, तर वायुवीजनाच्या वाऱ्याबरोबर आत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. त्यानंतर ब्रिटनच्या खाणींमध्ये साध्या रबराच्या जागी सहजी न पेटणारे पट्टे आले. आपल्याकडेही भूगर्भातल्या खाणींसाठी अशा पट्ट्यांचं वेगळं भारतीय मानक आहे. पण सहजी न पेटणारा पट्टाही पुरेशा आचेवर जळतोच आणि त्याच्यावरचा कोळसा तर जळण्यासाठीच आणलेला असतो. त्यामुळे आग लागण्याआधी, निदान ती हातभर असतानाच, कुणीतरी सांगायला हवं.

सांगणार कोण, हा इथला अवघड प्रश्न आहे. ऑफिसच्या छताला असतो तो धुराचा डिटेक्टर या गॅलरीत लावला तर तो कोळशाच्या धुळीलाच धूर समजतो. आठवड्यातून चार वेळा खोटी घंटा वाजली की पाचव्या वेळी कुणी धावत नाही आणि काही दिवसांनी कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतं. धूळ आत साचून तो आंधळा झाला तर तेही कळत नाही. गॅलरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रकाशझोत टाकून धूर पकडणारं यंत्रही धुळीनेच अडतं. शिवाय इथे पाण्याचे फवारे असतात, फरशी पाइपने धुतली जाते, लोखंडी सांगाडा दिवसरात्र थरथरत असतो आणि पावसाळ्यात ओली भुकटी चिखलासारखी सगळ्यावर बसते. ज्याच्यात नाजूक भाग आहे, ज्याला हवा आत घ्यायची आहे किंवा ज्याला डोळा आहे, अशा प्रत्येक उपकरणाला इथे कायम देखभाल लागते.

म्हणून अशा ठिकाणी एक अगदी साधी वस्तू वापरतात. कारखान्यात तिला एलएचएस केबल म्हणतात, काही जण एलएचडी म्हणतात. पूर्ण नाव लिनिअर हीट सेन्सिंग किंवा डिटेक्शन केबल, म्हणजे जिच्या संपूर्ण लांबीला उष्णता कळते अशी केबल. जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी. सगळ्यात प्रचलित प्रकारात तिच्या आत पोलादाच्या दोन तारा असतात, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या. प्रत्येक तारेवर एका खास प्लास्टिकचा थर असतो आणि दोन्हींवर मिळून बाहेरचं आवरण. पोलाद घेण्यामागे कारण आहे. तांब्याची तार वळवली की वळलेली राहते. पोलादाची तार पिळात कायम ताणलेली राहते आणि दुसरीला दाबत असते. मधला प्लास्टिकचा थर तेवढा या दोघींना दूर ठेवतो. हे प्लास्टिक एका ठरावीक तापमानाला मऊ पडेल असंच बनवलेलं असतं. ते तापमान आलं की थर दबतो, तारा एकमेकींना टेकतात आणि सर्किट शॉर्ट होतं. पॅनेलला कळतं, घंटा वाजते. काम एवढंच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ६८ अंशांच्या केबलचा हातभर तुकडा घ्यावा. एका टोकाच्या दोन्ही तारा सोलून मल्टिमीटरला लावाव्यात आणि दुसऱ्या टोकाच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. मीटर आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवला की तो गप्प असतो, कारण तारा कुठेच जुळलेल्या नाहीत. आता मधला चार बोटं भाग नुकत्याच उकळलेल्या पाण्यात बुडवायचा. थोड्याच वेळात मीटर वाजू लागतो. केबल पाण्याबाहेर काढून गार केली तरी आवाज थांबत नाही, कारण थर एकदा चेपला तो चेपला. तो तुकडा आता कापून टाकायचा. वर्षाच्या तपासणीत काही ठिकाणी केबलच्या शेवटाला असाच एक जादा तुकडा जोडून गरम पाण्याने चाचणी घेतात आणि मग तो काढून टाकतात. पॅनेलपासून शेवटपर्यंत सगळं जिवंत आहे की नाही हे त्यातून खरोखर कळतं. १०५ अंशांच्या केबलला मात्र ही युक्ती चालत नाही. पाणी तिथवर तापतच नाही.

या तुकड्याकडे पाहिलं की ही केबल धुळीत का टिकते तेही ध्यानात येतं. तिच्यात हवा आत येण्यासाठी भोक नाही. हलणारा भाग नाही, भिंग नाही, वाटेत कुठे इलेक्ट्रॉनिक्स नाही. धुळीला ती धूर समजू शकत नाही, कारण धूर म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही. पाइपने धुतली तरी चालते. रसायनांच्या वाफा असतील तिथे त्यानुसार बाहेरचं आवरण निवडता येतं, आणि उंदीर असतील किंवा ओरखडे पडण्याची भीती असेल तिथे तारांची जाळी विणलेला प्रकार मिळतो. तिच्यातून वाहणारा प्रवाह इतका थोडा असतो की योग्य बॅरिअर बसवून ती स्फोटाचा धोका असलेल्या जागीही नेता येते. आणि ती कुठल्या एका बिंदूवर बसत नाही. दोनशे मीटरच्या गॅलरीत दोनशेही मीटर तिची नजर असते, आणि वितळायला तिला वीतभर जागाही पुरते.

केबल निवडताना पहिला प्रश्न येतो तापमानाचा. बाजारात ६८, ८८, १०५, १३८, १८० अशा अंशांच्या केबली मिळतात. पटकन मनात येतं की सगळ्यात कमी अंशांची घ्यावी, म्हणजे लवकर कळेल. विदर्भात हा विचार महागात पडतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो आणि तो सावलीतला असतो. दुपारी तापलेल्या पत्र्याच्या छताखाली, जिथे वारा नाही अशा कोपऱ्यात, हवा साठीला टेकू शकते. तिथे ६८ ची केबल लावली तर मऊ पडण्याच्या तापमानाच्या उंबरठ्यावर ती रोज काही तास बसते. ती लगेच शॉर्ट होणार नाही, पण थर हळूहळू दबत जाईल आणि एखाद्या दुपारी आग नसताना घंटा वाजेल. म्हणून त्या जागी वर्षातलं जास्तीत जास्त तापमान किती होतं ते आधी मोजायचं आणि केबलचं तापमान त्याच्या वर किमान वीसेक अंश तरी ठेवायचं. गॅलरीच्या छताखाली त्यामुळे ८८ ची केबल योग्य ठरते. भुयारातल्या केबल गॅलरीत हवा तुलनेने थंड असते, तिथे ६८ ची चालते. एकाच केंद्रात दोन ठिकाणी दोन वेगळ्या केबली असणं यात काही वावगं नाही. उलट सगळीकडे एकच केबल ओढलेली दिसली तर तापमान कुणी मोजलं होतं का, असं विचारावं.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. ही केबल उष्णता दुरून ओळखत नाही. तिच्या अंगापर्यंत आच पोचली तरच तिला कळतं. तापलेल्या बेअरिंगपासून ती हातभर दूर असेल तर बेअरिंग तीनशे अंशांवर गेलं तरी मधल्या वाहत्या हवेमुळे केबल चाळीसवरच राहील. म्हणून कन्व्हेयरवर तिच्या दोन वेगळ्या जागा असतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, रोलरच्या बेअरिंगच्या जितकं जवळ नेता येईल तितकं जवळ, एकेक ओळ जाते. प्रत्येक बेअरिंगशी ती एका धातूच्या पट्टीला टेकवली, म्हणजे बेअरिंगची उष्णता पट्टीतून केबलला मिळते. तिसरी ओळ पट्ट्याच्या वर, मधोमध, ताणलेल्या आधाराच्या तारेला बांधलेली असते. बाजूच्या ओळी अडकलेला रोलर पकडतात. वरची ओळ पेटलेला कोळसा किंवा पट्टा पकडते. अनेक ठिकाणी फक्त वरची ओळ असते, कारण ती ओढणं सोपं. मग आग पट्ट्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि रोलर तापत असताना मिळाले असते ते तास हातचे जातात.

वरची ओळ छताला लावण्याचा मोहही टाळायला हवा. छत उंच असलं तर उष्णता तिथवर पोचेपर्यंत पातळ होते आणि चढत्या गॅलरीतला वारा तिला आगीच्या जागेपासून पुढे ढकलतो. घंटा वाजली तरी ती भलत्या जागेची वाजते. पट्ट्यापासून फार तर दीडेक मीटर उंचीवर केबल ठेवली तर हा घोळ टळतो. दुसऱ्या टोकाला, केबल इतकी खाली नको की सांडलेल्या कोळशात ती गाडली जाईल. भुकटीचा जाड थर उष्णता अडवतो आणि केबलला उशिरा कळतं. खोट्या घंटेचा त्रास ती धुळीमुळे देत नाही, पण धूळ तिला मंद करते. गॅलरी झाडणाऱ्या माणसाने केबलवरूनही फडकं फिरवावं, हे त्याच्या कामात लिहून ठेवलं पाहिजे.

आता भुयाराकडे वळू. वीज केंद्रात, पोलाद कारखान्यात, मोठ्या सबस्टेशनमध्ये जमिनीखालून केबलींचे बोगदे जातात. दोन्ही भिंतींना एकावर एक लोखंडी ट्रे आणि प्रत्येक ट्रेमध्ये शेकडो केबली. तिथे आग बहुधा एखाद्या सांध्यातून सुरू होते. जोड सैल पडतो, तापतो, आजूबाजूचं आवरण धुमसू लागतं. कधी वर चाललेल्या वेल्डिंगची ठिणगी भोकातून खाली पडते. अमेरिकेतल्या अलाबामाच्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ ला तर निमित्त होतं एका मेणबत्तीचं. केबली भिंतीतून जातात त्या भोकांमधून हवा गळते का हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होते. ज्योत आत ओढली गेली आणि भोक बुजवायला लावलेल्या फोमने पेट घेतला. आग काही तास चालली आणि १,६०० हून अधिक केबली खराब झाल्या. त्यात अणुभट्टी सुरक्षित ठेवणाऱ्या यंत्रणांच्याही केबली होत्या. बोगद्यातली आग म्हणूनच भीतीदायक असते. जळतात त्या नुसत्या वायरी नसतात. ज्यांच्या आधारे कारखाना बंद करायचा, पंप चालू करायचा, त्याच वायरी जळत असतात.

ट्रेवर एलएचएस केबल सरळ ओढत नाहीत. ती नागमोडी टाकतात. ट्रेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि परत, अशी एक लाट पूर्ण व्हायला साधारण १.८ मीटर. त्यामुळे ट्रेमधली प्रत्येक केबल तिच्याखालून कुठे ना कुठे जातेच. साहजिकच ट्रेपेक्षा केबल जास्त लागते. ६० सेंटीमीटर रुंदीच्या ट्रेला सव्वापट, म्हणजे शंभर मीटर ट्रेला १२५ मीटर, असा हिशेब धरतात. ट्रे जितका रुंद तितका हा पट वाढतो. आणि या जागी एक चूक वारंवार होते. बोगद्यात वर्षा-दोन वर्षांनी नवीन केबली पडतात. ओढणारा कंत्राटदार वेगळा असतो, त्याला त्या पातळ नागमोडी वायरीचं महत्त्व माहीत नसतं, आणि तो नव्या केबली तिच्यावरूनच टाकतो. आता ती गठ्ठ्याच्या पोटात दाबली गेली. वर टाकलेली केबल तापली तर तिला उशिरा कळणार आणि वरच्या वजनाने थर चेपला तर उगाच घंटा वाजणार. नवीन केबल नेहमी एलएचएसच्या खालून घालायची, हा नियम बोगद्याच्या दारावर रंगवून ठेवण्याइतका मोलाचा आहे.

घंटा वाजली की पुढचा प्रश्न असतो कुठे. इथे या साध्या वायरीचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. तारांना स्वतःचा रोध असतो आणि तो लांबीबरोबर वाढतो. शॉर्ट झाला की पॅनेलपासून त्या जागेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या तारांचाच रोध उरतो. समजा आपल्या केबलच्या जोडीला मीटरला ०.६ ओहम रोध आहे. हा आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर मिळतो. घंटा वाजल्यावर मीटर १३० ओहम दाखवतो. पॅनेलपासून बोगद्याच्या दारापर्यंत साधी तांब्याची वायर आहे आणि तिचे ४ ओहम आधीच मोजून ठेवलेले आहेत. ते वजा केले की उरले १२६. भागिले ०.६, म्हणजे केबल २१० मीटरवर जुळली आहे. पण ही लांबी केबलची, बोगद्याची नव्हे. ६० सेंटीमीटरच्या ट्रेचा सव्वापट लक्षात घेतला की दारापासूनचं अंतर १६८ मीटर निघतं. हा भागाकार केला नाही तर माणूस अंधारात ४२ मीटर पुढे जाऊन शोधत बसतो.

हा आकडाही काटेकोर नसतो. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. मूळ मोजणी हिवाळ्यात २५ अंशांना झाली असेल आणि आज बोगदा ४५ वर असेल, तर रोध ८ टक्क्यांनी वाढलेला असणार. मग मीटरचा ०.६ ओहम प्रत्यक्षात ०.६४८ होतो, केबलची लांबी १९४ मीटर निघते आणि दारापासूनचं अंतर १५५ मीटर. तेरा मीटरचा फरक. म्हणून १५० ते १७० च्या मध्ये कुठेतरी, असं समजून शोध घ्यायचा. बऱ्याच पॅनेलवर हे अंतर थेट मीटरमध्ये दिसतं, पण त्याच्यामागे हाच हिशेब असतो आणि त्याच्या मर्यादाही याच. केबल टाकताना दर २५ मीटरला खूण केली आणि ती नकाशावर उतरवून ठेवली, तर रात्रपाळीच्या माणसाला गणित करावं लागत नाही. कुठल्या खांबाजवळ जायचं तेवढं तो पाहतो.

तिथे पोचल्यावर आग दिसेलच असं नाही. केबल तुटली तर पॅनेलला लगेच कळतं, कारण शेवटी जोडलेल्या एका रेझिस्टरमधून सतत थोडासा प्रवाह फिरत असतो. तो थांबला की पॅनेल फॉल्ट दाखवतं, आग नव्हे. तारा जुळल्या की मात्र ते आग दाखवतं, मग त्या उष्णतेने जुळल्या असोत की दाबाने. साध्या प्रकारात हा भेद त्याला करता येत नाही. आणि दाबाने जुळण्याची कारणं बहुतेक बसवणाऱ्याच्या हातची असतात. कुणी प्लास्टिकच्या चिमट्याऐवजी लोखंडी तारेने करकचून बांधलेलं असतं. ती गाठ तेव्हा काही करत नाही. पण कायमच्या दाबाखाली प्लास्टिक हळूहळू सरकतं आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथेच तारा भेटतात. कुणी कोपऱ्यावर काटकोनात दुमडलेलं असतं, तिथेही तेच. वळण हाताच्या मुठीएवढं गोल असावं. जोड देताना तारा नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळला तर ओल शिरते. जोडासाठी बनवलेला कनेक्टर आणि बंद डबाच हवा. केबलवर रंगही मारू नये. सांगाडा रंगवताना ब्रश सहज तिच्यावरूनही फिरतो आणि रंगातली रसायनं आवरणाला लागतात.

खोट्या घंटेची किंमत इथे जास्त असते, कारण घंटेमागे पाणी असतं. गॅलरीत आणि बोगद्यात पाण्याचे उघड्या तोंडाचे नोझल असतात आणि त्यांच्या मागे डेल्यूज व्हॉल्व्ह. तो उघडला की त्या संपूर्ण टप्प्यावर एकदम फवारा सुरू होतो. आग नसताना हे झालं तर ओल्या कोळशाचा चिखल साफ करायला एक पाळी जाते आणि बोगद्यात सांध्यांमध्ये पाणी गेलं तर वेगळीच दुरुस्ती निघते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन केबली शेजारी शेजारी, वेगळ्या सर्किटवर टाकतात. एकीने सांगितलं तर घंटा वाजते आणि माणूस पाहायला जातो. दोघींनी सांगितलं तरच पाणी सुटतं. एकाच जागी दोन्ही केबली चुकून चेपण्याची शक्यता फार कमी. मला ही व्यवस्था खर्चाच्या मानाने फार शहाणपणाची वाटते. जिथे एकाच केबलवर व्हॉल्व्ह उघडायला ठेवलेला असतो, तिथे दोन-तीन खोट्या फवाऱ्यांनंतर कुणीतरी ऑटोची कळ मॅन्युअलवर फिरवतं आणि ती तशीच राहते.

काही गोष्टी या केबलला जमत नाहीत आणि त्या जमतील अशी अपेक्षाही धरू नये. धावत्या पट्ट्यावरचा निखारा ती पकडत नाही. पट्टा सेकंदाला तीन मीटर वेगाने धावत असेल तर निखारा पाच सेकंदांत पंधरा मीटर पुढे गेलेला असतो. केबलच्या एका जागी त्याची आच टिकतच नाही. त्यासाठी ट्रान्सफर पॉइंटच्या आधी अवरक्त किरण पाहणारे वेगळे डिटेक्टर लावतात. त्यांची काच धुळीपासून जपण्यासाठी तिच्यावर सतत हवेचा झोत सोडावा लागतो, पण त्या एका कामासाठी तो खर्च करावाच लागतो. तसंच बोगद्यात केबल नुसतीच धुमसत असेल तर धूर आधी येतो आणि आच नंतर. बोगद्याची हवा गॅलरीच्या मानाने स्वच्छ असते, म्हणून तिथे धुराचे डिटेक्टरही सोबत ठेवणं योग्य. आणि दोन तारांच्या केबलला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगता येतं. तापमान चाळीसवरून साठवर गेलं, हे ती सांगत नाही.

ते सांगणारे प्रकार आहेत. एका प्रकारात तारांमधल्या थराचा रोध उष्णतेबरोबर उतरत जातो, त्यामुळे घंटेची पातळी पॅनेलवर बदलता येते आणि फार तापली नसेल तर केबल पुन्हा वापरता येते. पण त्यात एक गफलत आहे. पॅनेलला पूर्ण लांबीचा एकत्रित परिणाम दिसतो. दोनशे मीटर थोडे थोडे तापले काय आणि एक मीटर भरपूर तापला काय, आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून असा टप्पा लहान ठेवावा लागतो आणि हंगामानुसार पातळी पाहावी लागते. दुसऱ्या प्रकारात काचेचा तंतू असतो. त्याच्यात लेझरचा स्पंद सोडतात. काचेच्या रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा काही भाग परत येतो आणि त्यातल्या दोन विशिष्ट रंगांचं प्रमाण त्या जागेच्या तापमानावर ठरतं. या विखुरण्याला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचंच नाव आहे. परत यायला लागलेल्या वेळावरून जागा कळते. काचेत जाऊन-येऊन एका मीटरला जवळपास दहा नॅनोसेकंद लागतात. अशी एक तार काही किलोमीटर बोगद्याच्या प्रत्येक मीटरचं तापमान सतत सांगत राहते, आणि उच्च दाबाच्या केबलींशेजारी विजेचा तिला काही त्रास होत नाही. लांब बोगद्याला ती परवडते. छोट्या कन्व्हेयरला तिचं यंत्र महाग पडतं आणि तिथे पोलादाच्या दोन तारा पुरतात.

त्या पुरण्यासाठी देखभाल थोडी, पण नेमकी लागते. आग लागून गेली किंवा केबल तापून जुळली की तो भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा मीटरभर भाग कापून नवीन तुकडा जोडायचा, कारण शेजारचा थरही अर्धवट दबलेला असू शकतो. नवीन तुकडा त्याच अंशांचा हवा. स्टोअरमध्ये ८८ ची संपली म्हणून ६८ ची जोडली, असं झालं की त्या गॅलरीत पुढचा मे महिना घंटेचा जातो. म्हणून आवरणावर छापलेले अंश वाचूनच जोड द्यावा आणि प्रत्येक अंशांचं एक भेंडोळं सावलीत जपून ठेवावं. वर्षातून एकदा शेवटच्या डब्यात तारा जोडून खोटा शॉर्ट करायचा, पॅनेलवर दिसणारं अंतर नकाशातल्या अंतराशी ताडायचं आणि आकडा वहीत लिहायचा. हा शेवटचा डबा कुठे बसवला आहे यावर ही चाचणी होते की राहते ते ठरतं. शिडी लावून, पट्टा बंद करवून, परवाना घेऊनच जिथे पोचता येतं अशा छताजवळ तो असेल तर दुसऱ्या वर्षापासून वहीत नुसती टिक येऊ लागते. बसवतानाच तो चालण्याच्या वाटेवर, छातीच्या उंचीला आणावा. त्यासाठी चार मीटर केबल जास्त लागली तरी हरकत नाही.